बॅडमिंटनमधल्या सर्व्हिसची उंची: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुम्ही लिहिलंय, '1.15 मीटरच्या खाली फटका बसला की सर्व्हिस बरोबर.' आमच्याकडे कंबर बघतात आणि रॅकेट आडवी दिसली तरी फॉल्ट देतात. शिवाय मी शटलचं बुच 1.12 वर असताना मारलं, तरी फॉल्ट मिळाला. लेख वाचून उलट गोंधळ वाढला."

बुचाबद्दलची तुमची तक्रार मान्य आहे, चूक माझ्या वाक्यात होती. नियम फटक्याच्या जागेबद्दल नाही. फटक्याच्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. डबल्समध्ये आपण बॅकहँडने सर्व्हिस करताना शटल पिसांना धरून बुच खाली झुकवतो. पिसं बुचाच्या वर सहा-सात सेंटिमीटर असतात. म्हणजे बुच 1.12 वर असेल आणि शटल जवळजवळ उभं असेल, तर पिसांची टोकं 1.18 च्या आसपास पोहोचतात. फॉल्ट बरोबरच होता. शटल उभं धरायचं असेल तर बुच 1.07 च्या आसपास ठेवा. आडवं धरलंत तर थोडी जास्त मोकळीक मिळते, पण पिसांच्या घेराची वरची कड मोजायला विसरू नका.

कमरेचा नियम जुना आहे. त्यात कंबर म्हणजे सर्वात खालच्या बरगडीची पातळी धरायचे, आणि टी-शर्टच्या आत बरगडी कुठे आहे ते जजने अंदाजानेच ठरवायचं! 2018 मध्ये ठरावीक उंची आली आणि तिच्यासोबत रॅकेटचा दांडा खाली झुकलेला असण्याची अटही गेली. त्यामुळे 1.15 च्या नियमाने खेळत असाल तर निव्वळ आडव्या रॅकेटला फॉल्ट देता येत नाही. स्पर्धेच्या पत्रकात जुना नियम छापला असेल तर गोष्ट वेगळी; ते खेळण्याआधी विचारून घ्या.

घरच्या घरी उंची तपासायला 1.15 वर दोरी बांधून मोबाईलवर चित्रण करतात, त्यात एक गफलत होते. दोरी कॅमेऱ्याजवळ आणि खेळाडू मागे असेल, तर कॅमेरा वर असल्यास बरोबर सर्व्हिसही दोरीच्या वर दिसते आणि खाली असल्यास चुकीचीही चालून जाते. लेन्स नेमकी 1.15 वर हवी. सर्व्हिस जजच्या साधनावर पुढे-मागे दोन रेषा असतात त्या यासाठीच. दोन्ही एक दिसल्या की डोळा योग्य पातळीवर आहे.

पायांमुळेही फॉल्ट जातात. रॅकेट पुढे निघाल्यापासून शटलला लागेपर्यंत सर्व्हरच्या आणि रिसीव्हरच्याही दोन्ही पावलांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि स्थिर हवा. डबल्समध्ये शॉर्ट सर्व्हिसवर झेप घ्यायच्या घाईत रिसीव्हरचा मागचा पाय फटक्याआधीच उचलला जातो. गुण समोरच्यांना जातो आणि वाद मात्र सर्व्हिसच्या उंचीवरून रंगतो. रॅकेट पुढे नेताना मध्येच थबकून पुन्हा ढकलणं हाही फॉल्टच. फ्लिक सर्व्हिस करणारे बरेचदा यातच सापडतात.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.