गाणी नकोत, गाव हवा

फोंड्यातला आमचा कट्टा म्हणजे वडाचा पार आणि समोर भज्यांचा गाडा. गॅदरिंगच्या ग्रूप डान्सचं ठरवायला बसलो तेव्हा दिगंबरकडे मोबाईलवर सात गाण्यांची यादी तयार होती. एक मिनिट हे, पन्नास सेकंद ते, शेवटी टाळ्यांचं. "गोष्ट कुठली?" मी विचारलं. "गाण्यांतून निघेल की," तो म्हणाला.

माझा वाद इथेच सुरू होतो. सात गाण्यांतून निघते ती सात गाण्यांची गोष्ट. शब्दात पाऊस आला की हात वरून खाली, शब्दात आई आली की हात छातीशी. नाचणारा गाण्याचा अर्थ सांगत राहतो, स्वतःचं काही घडवत नाही. गाणं बंद केलं तर काय उरतं, हे आधी बघायला हवं.

सोनालीने कुर्डीचं नाव काढलं. तिच्या आजीचं गाव ते, सांगे तालुक्यातलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्मही तिथलाच. साळावली धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेला. माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत राहायला गेली. पण उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं, घरांची जोती, झाडांचे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ वर येतं, आणि मे महिन्यात कुर्डीकर तिथे परत जमतात. मग पाऊस लागतो.

"ही गोष्ट मोठी आहे," दिगंबर म्हणाला. "बैठका, सर्वे, नुकसानभरपाई, स्थलांतर. आठ मिनिटांत कसं दाखवणार?"

दाखवायचंच नाही. बारा शरीरांना तारीख सांगता येत नाही, 'धरण' हा शब्द सांगता येत नाही. ते निवेदकाने पडदा उघडण्याआधी दोन वाक्यांत सांगावं. शरीराला सांगता येतं ते एवढंच: इथे कुणीतरी होतं, आता नाही. गोष्ट निवडताना हीच चाळण लावायची. ज्या भागात जागा बदलते, अंतर बदलतं, कुणीतरी नाहीसं होतं, तो भाग नाचाचा. बाकीचा निवेदनाचा.

"मग सुरुवात धालोने करा," सोनाली म्हणाली. "आजी खेळायची." पौषातल्या चांदण्या रात्री, मांडावर, बायकांच्या दोन ओळी समोरासमोर. कमरेभोवती हात गुंफलेले. एक ओळ पुढे येऊन वाकते, मागे जाते, मग दुसरी येते.

मला तिथेच सगळा नाच दिसला. पाच जणांच्या दहा चपला आणि चहाचे दोन रिकामे पेले घेऊन पारासमोर जमिनीवर सहा-सहाच्या दोन ओळी मांडल्या.

पहिला भाग नुसता धालो. गौरी म्हणाली, अर्धं मिनिट पुरे, प्रेक्षक कंटाळतील. मी सव्वा मिनिट मागितलं. ठेका मेल्विनच्या घुमटाचा, मातीच्या घटाला कातडं लावलेल्या वाद्याचा. ते मिनिटाला नव्वद मात्रांवर चालणार, म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन साधारण सव्वापाच सेकंदांचं. पुढे जायला एक आवर्तन, मागे यायला एक. सव्वा मिनिटात अशा सात खेपा होतात. पहिल्या दोनांत प्रेक्षक कपडे बघतो, तिसऱ्या-चौथ्यात त्याला कळतं की अमकीच्या समोर तमकी उभी असते. ही सवय त्याला लागू दिली नाही, तर पुढे मोडायला आपल्याकडे काहीच नसतं.

मग माणसं जायला लागतात. गौरी म्हणाली, जोडीजोडीने जाऊ दे, सुबक दिसेल. तिने समोरासमोरच्या दोन चपला उचलल्या आणि ओळी जवळ सरकवल्या. बघा, काहीच झालं नाही. दहाजणींचा धालो तसाच चालू. मी त्या दोन परत ठेवल्या आणि एका ओळीतली एकच उचलली, ओळ न सरकवता. आता समोरची बाई पुढे येऊन वाकते ती मोकळ्या जागेपुढे. नियम एकच: जोडी कधीच एकदम जायची नाही, आणि गेलेल्याची जागा कुणी भरायची नाही. सहा जोड्यांतली एकेक गेली, तीन या ओळीतल्या, तीन त्या ओळीतल्या, की उरलेल्या सहाही जणी रिकाम्या जागेला वाकत राहतात. ठेका तोच, पाऊल तेच. सोनाली त्या चपलांकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही.

पाण्यावर खरा वाद झाला. दिगंबरला निळं कापड हवं होतं, सहा मीटर लांब, दोन्हीकडून हलवायचं. दोन वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं. चार कोपरे धरायला चारजणी गेल्या, म्हणजे नाचातून तेवढ्या कमी झाल्या. कापडात हवा भरली आणि ते फुगून वर गेलं. पाणी चढल्यासारखं नाही, वारा सुटल्यासारखं दिसलं. शेवटी एकीचा पाय त्यात अडकला आणि ती पडली. धरणाचं पाणी लाटेने येत नाही, हळूहळू चढतं.

पाणी कुणाचं, तर गेलेल्या सहाजणींचंच. पदर डोक्यावरून पुढे ओढायचा, चेहरा झाकला की माणूस संपला. डाव्या विंगेतून बसून, जमिनीलगत सरकत, एकीमागे दुसरी दोन मात्रांनी यायची, म्हणजे सहावी पहिलीच्या दहा मात्रा मागे असते आणि कडा सरळ न राहता तिरकी पुढे येते. गौरीला लोळत यायचं होतं. साडीत लोळलं की निऱ्या सुटतात. सलवारीत तालीम केली की हे दिसत नाही, म्हणून पाण्याची तालीम पहिल्या दिवसापासून साडीतच करायची. पाणी ज्या बाईच्या पावलाला लागेल, तिने वाकता वाकता अर्ध्यात थांबायचं. बसायचं नाही, पडायचं नाही. एकेक थांबत जाते आणि घुमटाचे ठोके विरळ होतात.

"आणि कळलंच नाही तर?" दिगंबरचा प्रश्न रास्त होता. त्यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे. तालमीचं शूटिंग शेवटच्या रांगेतून करायचं, आवाज बंद करून गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला दाखवायचं आणि विचारायचं, काय झालं? "माणसं गेली, ह्या वाट बघतायत" असं म्हणाले तर जमलं. "छान नाचतात" म्हणाले तर दुसऱ्या भागात कुणीतरी ओळ सरकवून जागा भरलेली असते. बहुतेकदा तेच. रिकामी जागा शेजारी ठेवून नाचणं फार अवघड असतं. हात आपोआप पुढच्या कमरेकडे जातो.

शेवट मात्र ठरेना. गौरीला पाणी उतरल्यावर पुन्हा पूर्ण धालो हवा, बाराजणींचा, वेगात. टाळ्या तिथेच पडतील, हे मलाही मान्य. पण परत आलेला गाव तोच कसा असेल?

सोनाली म्हणाली, "आजी तिथे गेली की आधी आपलं जोतं शोधते. सापडलं की त्यावर नुसती उभी राहते. बोलत नाही."

तिने चपला पुन्हा दोन ओळींत लावल्या, पण अंतर ठेवून, कुणाचा कुणाला स्पर्श नाही. बाराही जणी आपापल्या जागी येतात, कमरेला हात नाही, ठेका नाही. एक ओळ पुढे येते, वाकते. समोर आता माणूस आहे. आणि डाव्या विंगेच्या कडेची बाई पदर डोक्यावर घेते.

मेल्विनने घुमट मांडीवर घेतलं, कातड्यावर एकाच बोटाने थेंब वाजवला, थांबला, पुन्हा एक.

दिगंबरने मोबाईल खिशात टाकला. "ते पदर घेणं," तो म्हणाला, "चार मात्रांत की आठ?"

"आठ," गौरी आणि मी एकदमच म्हणालो.