देखणीचा क्लू शेवटी का?

वाचकाची प्रतिक्रिया: "‘बॉबी’च्या कार्डावर देखणीचा क्लू सगळ्यांत शेवटी, तोही फक्त पाच गुणांना! आपल्या गोव्याची गोष्ट तळाला कशाला ढकलायची? आणि सुरुवातीलाच गीतकार विचारून मुलांना घाबरवण्यापेक्षा सरळ धून वाजवा, बझर दाबू द्या."

नमस्कार. कार्ड इतकं बारकाईनं वाचलंत, याचा आनंद झाला, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आमच्या क्विझच्या गाणं ओळखण्याच्या फेरीत प्रत्येक कार्डावर तीन क्लू असतात. पहिल्यावर ओळखलं तर वीस गुण, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर पाच. म्हणजे क्लूचा क्रम ठरतो तो समोर बसलेल्या मुलांना काय ठाऊक आहे यावर. या कार्डाचं उत्तर ‘ना मांगू सोना चांदी’ ज्या देखणीवरून, म्हणजे गोव्याच्या नृत्यगीतावरून आलं, ती ‘हांव सायबा पलतडी वयता’ मडगाव-फोंड्याच्या मुलांनी शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ऐकलेली असते. कलावंतीण दामूच्या लग्नाला पलीकडच्या तीरावर निघते, नावाड्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते, एवढं वाचलं की इथल्या चारही संघांचे हात एकदमच बझरवर जाणार. वीस गुण कोणाचे, हे मग बोटांच्या वेगावर ठरेल. हेच कार्ड पुण्यात किंवा नागपुरात न्यायचं झालं, तर देखणीचा क्लू मी बेलाशक पहिला ठेवीन आणि वीस गुण देईन. गोव्याची गोष्ट तळाला गेली, कारण इथं ती सर्वांना येते.

आता पहिल्या क्लूबद्दल. आधीच्या खर्ड्यात तो असा होता: "1973चा चित्रपट. बहुतेक गाणी आनंद बक्षींची, पण हे विठ्ठलभाई पटेल यांचं." वाचायला छान, पण कार्ड म्हणून निकामी, कारण ‘झूठ बोले कौआ काटे’ हे त्याच चित्रपटातलं गाणंही पटेलांचंच. एखाद्या संघानं तेच सांगितलं असतं तर ते चूक कसं म्हणणार? म्हणून मन्ना डे यांचा आवाज जोडला. ‘झूठ बोले’ लता आणि शैलेंद्र सिंग यांचं आहे, त्यामुळे आता ‘ना मांगू सोना चांदी’ एवढंच उरतं. गीतकार टाकला तो मुलांना घाबरवायला नाही, क्लू एकाच गाण्यावर येऊन थांबावा म्हणून. आणि ज्या मुलानं गाण्याखालची नावं कधी तरी वाचली असतील, त्याला त्या वाचनाचे वीस गुण मिळायलाच हवेत.

मधला क्लू सर्वांसाठी आहे: नायिकेचं आडनाव ब्रागांझा, आणि नायिका म्हणून डिंपल कापडियांचा हा पहिला चित्रपट. यावर चित्रपट कळतो, गाणं कळत नाही. पण पहिल्या क्लूतला मन्ना डे यांचा आवाज ज्याच्या लक्षात राहिला, तो इथं जोड लावतो. दहा गुण त्या जोड लावण्याचे.

धून वाजवण्याची फेरी वाईट नाही, पण ती कानाची आणि बोटांची परीक्षा. शिवाय आपल्या चित्रसंगीतात एकच मुखडा दोनदा येतो, तिथं धून आणि शब्द दोन्ही फसवतात. ‘एक चतुर नार’ घ्या. बहुतेकांना 1968च्या ‘पडोसन’मधलं किशोर कुमार आणि मन्ना डे यांचं आठवतं, पण हाच मुखडा 1941च्या ‘झूला’मध्ये अशोक कुमार यांनी स्वतः गायला होता. नुसतं "हा मुखडा ओळखा" म्हटलं, तर दोन्ही उत्तरं बरोबर. मग दोघे संघ भांडतात, प्रेक्षकही त्यात उतरतात आणि फेरी तिथंच अडकते. म्हणून अशा कार्डावर वर्ष छापतोच. वर्ष दिल्यानं गाणं सोपं होतं हे खरं, पण दशक न सांगता वाद ओढवून घेण्यापेक्षा ते परवडतं.

कार्ड पक्कं झालं की नाही, हे तपासायची आमची रीत अशी आहे. फेरीशी संबंध नसलेल्या, पण गाण्यांची आवड असलेल्या मित्राला पहिला क्लू देतो आणि उत्तर नाही, ‘दुसरं कोणतं उत्तर बसेल?’ असं विचारतो. त्यानं दुसरं गाणं दाखवलं, की क्लू बदलतो. मग कार्डाच्या मागे चालणारी उत्तरं लिहून ठेवतो. या कार्डामागे ‘ना मांगू सोना चांदी’सोबत ‘घे घे घे रे सायबा’ही लिहिलेलं आहे, कारण आपल्याकडे अनेक घरांत ते गाणं त्याच नावानं ओळखलं जातं. ‘हांव सायबा’ मात्र चालणार नाही. ती देखणी आहे, आणि प्रश्न हिंदी चित्रपटगीताचा होता. हे आधीच मागे लिहिलेलं असलं, की क्विझमास्टरला मंचावर उभ्या-उभ्या निर्णय घ्यावा लागत नाही.