शांत पट्टा दिसला तर

"लाटा कमी असतील तिथेच मुलांना उतरवायचं ना? आमच्यात पोहता कोणालाच येत नाही."

नाही ताई, नेमकं तिथेच नको. आपण नागपूरची माणसं, पाणी पाहिलं ते फुटाळ्याचं. शांत म्हणजे उथळ असंच वाटतं. मागच्या दिवाळीत कोकणात मीही पोरांना घेऊन तसाच निघालो होतो. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधे वीसेक पावलांचा गडद, गुळगुळीत पट्टा. शहाळीवाल्या काकांनी हाक मारून थांबवलं. काठावर आलेलं पाणी अशाच चरातून परत आत जातं, आणि तिथे खोल असतं म्हणून लाट फुटत नाही. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा दिसलं, त्या पट्ट्यातला फेस आणि गढूळ वाळू समुद्राकडे चालली होती, शेजारचा फेस मात्र काठाकडे येत होता.

म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून फेस पाहा. खडकांची कड आणि खाडीचं मुख टाळा, ओहोटीत तर नक्कीच. जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांमध्येच थांबा. नुसता लाल असेल तर वाळूतच किल्ला बांधा. आणि पाणी गुडघ्याखालीच, तेही लहानांच्या गुडघ्याखाली. आमचे भाऊजी स्वतःचा गुडघा मोजतात!