'मुकस्सरात' नाही, म्हणून शेंगदाणा नाही?

"आखातात राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी: अरबी पाकिटाला घाबरू नका. सगळी यादी वाचायची गरज नाही. 'यहतवी अला', म्हणजे 'यात आहे', या शब्दांपुढची ओळ फक्त बघा. तिथे 'मुकस्सरात' नसेल तर दाणे-काजू काही नाही. फुस्तुक म्हणजे पिस्ता, तहीन म्हणजे पीठ, एवढं पाठ केलं की झालं. 'कद यहतवी' अशी ओळ दिसली तर सोडून द्या, ती कंपन्या स्वतःच्या बचावासाठी सगळीकडेच छापतात."

हा निरोप माझ्या जावेने मला पाठवला आणि विचारलं, "हे खरं असेल तर किती सोपं होईल गं." ती शारजाला राहते. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाणा आणि तीळ दोन्ही चालत नाहीत. पाकिटांचे फोटो ती मला पाठवते आणि मी मराठीत लिहून देते. मी मस्कतला अरबी कागदपत्रांचं भाषांतर करते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. या निरोपातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य त्या मुलाला धोक्याचं आहे.

आधी मुकस्सरात. या शब्दाच्या मुळाशी फोडणं, मोडणं आहे. म्हणजे कवच फोडून खायची फळं: बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता. शेंगदाणा ही शेंग आहे, म्हणून पाकिटांवर तो सहसा वेगळा लिहितात, 'फूल सूदानी' असा. पाकिटात शेंगदाणा असूनही 'मुकस्सरात' हा शब्द कुठेच नसणं अगदी शक्य आहे, आणि त्यात छापणाऱ्याची चूकही नाही. उलट बाजारात भाजक्या दाण्यांच्या दुकानात जाऊन मुकस्सरात मागा, त्यात शेंगदाणे हमखास येतील. बोलीतला अर्थ मोठा, लेबलावरचा लहान. मराठीत आणताना आणखी एक घोळ होतो. मी स्वतः सुरुवातीला मुकस्सरातला 'सुकामेवा' लिहीत होते. पण आपल्या सुकामेव्यात मनुका आणि खारीकही येतात, आणि शेंगदाणा मात्र कुणी धरत नाही. आता मी 'कवचाची फळं' लिहून पुढे नावं देते.

'फूल सूदानी' हे देवनागरीत लिहिलं की जाऊ पहिल्यांदा 'कसलं फूल?' म्हणाली. अरबीत फूल म्हणजे बाकल्याची शेंग. नुसतं फूल असेल तर बाकला, 'फूल अस्-सोया' असेल तर सोयाबीन, आणि 'फूल सूदानी' असेल तरच शेंगदाणा. त्यामुळे पहिल्या शब्दावर थांबायचं नाही, जोडीचा दुसरा शब्द वाचायचाच.

फुस्तुकचं प्रकरण सगळ्यात वाईट, कारण निरोपातला अर्थ अर्धा खरा आहे. आखातात आणि इजिप्तमध्ये फुस्तुक म्हणजे पिस्ताच. पण सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन या भागात शेंगदाण्यालाही फुस्तुकच म्हणतात. पिस्ता वेगळा दाखवायचा असेल तर ते 'फुस्तुक हलबी' म्हणतात, म्हणजे हलबचा, अलेप्पो शहराचा. आणि आखातातल्या दुकानांत त्या भागातून आलेला माल भरपूर असतो.

गेल्या वर्षी जावेने मिश्र दाण्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला होता. यादी छोटी होती: फुस्तुक, लौझ, काजू, मीठ. लौझ म्हणजे बदाम. मी घाईत 'पिस्ता, बदाम, काजू' लिहून पाठवलं. मुलाला पिस्ता चालतो. तिने पाकीट फोडलं, वाटीत ओतलं आणि तिला दाण्यावर पातळ, तांबूस, हाताला लागली की गळणारी साल दिसली. पिस्ता आत हिरवट असतो, हे तिला माहीत होतं. वाटी तशीच उचलून तिने मला फोन केला. पाकिटाची मागची बाजू पाहिली तर माल शाममधला, म्हणजे त्या सीरिया-लेबनॉन भागातला निघाला. चूक माझी होती. तेव्हापासून नुसतं 'फुस्तुक' दिसलं की मी आधी 'सुनिअ फी' या शब्दांपुढचं देशाचं नाव बघते. 'हलबी' असेल तर पिस्ता. 'सूदानी' किंवा 'अबीद' असेल तर शेंगदाणा. नुसतं असेल आणि देश शाममधला असेल, तर मी मराठीत 'शेंगदाणा असण्याची शक्यता, देऊ नको' असंच लिहिते.

तहीन म्हणजे पीठ, हे बरोबर आहे. पण 'तहीना' म्हणजे तिळाची पेस्ट, आणि दोघांत फरक शेवटच्या एका अक्षराचा. ते अक्षर गोल असतं, वर दोन टिंबं. लहान छपाईत, घडीवर, तेलाच्या डागाखाली ते सहज दिसेनासं होतं. म्हणून फोटो जवळून, सपाट करून काढायला सांगते. शिवाय तीळ 'सिमसिम' या नावानेच येतील असंही नाही. इराकी मालावर तहीन्याला 'राशी' म्हणतात, आखातातला तिळाचा हलवा 'रहश' या नावाने मिळतो, आणि झातर या हिरव्या मसाल्यात तीळ बहुधा असतातच. आपल्याकडून नेलेल्या पाकिटांचीही सवय इथे आड येते: भारतात 2020 मध्ये आलेल्या लेबल नियमांच्या ॲलर्जीच्या यादीत तीळ नव्हते. त्यामुळे वेगळ्या ओळीत तीळ दिसले नाहीत, तरी पूर्ण यादी वाचावीच लागते. कित्येक पाकिटांवर तर 'यहतवी' ही वेगळी ओळच नसते, यादीतलाच शब्द ठळक केलेला असतो.

आता 'कद यहतवी'. वर्तमानकाळातल्या क्रियापदाआधी 'कद' आला की अर्थ 'कदाचित'. म्हणजे पदार्थ घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर किंवा त्याच खोलीत हाताळला जातो. ही ओळ बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. त्यामुळे ती नसणं म्हणजे निर्धोक नव्हे, आणि असली तरी किती आलं असेल ते ती सांगत नाही. ज्या मुलाला थोड्यानेही त्रास होतो, त्याच्या घरी ती ओळ सोडता येत नाही.

तिचं मराठी करतानाही मी चुकले आहे. मामूल या खजूर भरलेल्या बिस्किटांच्या पाकिटावर होतं: 'यहतवी अला: ग्लूतेन, हलीब. कद यहतवी अला आसार: सिमसिम, मुकस्सरात.' मी लिहिलं, "ग्लुटेन, दूध आहे. तीळ आणि कवचाच्या फळांच्या खुणा असू शकतात." शब्दकोशात 'आसार'चा तो अर्थ आहेच. जाऊ म्हणाली, "खुणा म्हणजे वर दिसतील ना? दिसले नाहीत तर देऊ?" आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'आहे' आणि 'असू शकतात' हा फरक ओळीच्या टोकाला जाऊन पडतो, घाईत तो नजरेतून सुटतो. आता मी वाक्य करतच नाही. फ्रिजवरच्या कागदावर दोन रकाने असतात. पहिला 'घातलेलं': गव्हाचं पीठ, रवा, खजूर, तूप, साखर, दूध. दुसरा 'डोळ्यांना न दिसता आलेलं असू शकेल': तीळ, कवचाची फळं. मामूल दुसऱ्या रकान्यामुळे बाद झालं.

पाकिटावर इंग्रजीही असेल तर दोन्ही वाचते. आयात मालावर अरबी मजकुराची चिकटपट्टी असते आणि कधी कधी ती नेमकी मूळ इशाऱ्यावरच बसते. ती हलकेच सोलून खालचंही बघायला मी जावेला सांगते. दोन मजकूर जुळले नाहीत, तर ज्यात जास्त पदार्थ आहेत तोच कागदावर जातो.