“ताई, फोल्डरलाच अ‍ॅड करा ना!”

आज सकाळी प्रेसमधून मेसेज : “ताई, लिंक मेली. दर वेळी लिंक कशाला, फोल्डरलाच अ‍ॅड करा ना, कायमचं काम होईल.”

कायमचं! चहा घशाशी आला माझ्या.

दिवाळी अंकाची छपाईची फाइल शुक्रवारी पाठवली होती. १४४ पानांची पीडीएफ आणि कव्हरची ओपन फाइल मिळून १.८ जीबी. जीमेलला २५ एमबीच्या वर काही जोडता येत नाही, म्हणून फाइल नेटवर चढवून तिची लिंक. मी वापरते त्या फुकटच्या सेवेत लिंक तीन दिवस जगते. शनिवार-रविवार प्रेस बंद, सोमवारी छपाईचा कागद उतरवायचा होता म्हणे, आणि आज मंगळवार. लिंक मरणारच. मेलमध्ये मी “सोमवारपर्यंत उतरवून घ्या” असं ठळक लिहिलं होतं. मेल वाचतो कोण?

बरं, अंकाचं काम चालतं ते आमचं नेटवरचं सामायिक फोल्डर आहे, मग प्रेसला त्यातच का नाही घेत? गेल्या वर्षीचं स्टिकर प्रकरण ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे हसू नये.

गेल्या वर्षी मी हौसेने प्रेसला फोल्डरमध्ये घेतलं होतं. ऑपरेटरने सकाळी अकराला पीडीएफ उतरवली. दुपारी चारला आमच्या संपादककाकांचा फोन, पान १७ वर भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत फोन नंबर चुकलाय. दुकानदाराने हाताने लिहून दिलेला शेवटचा ९ मी १ वाचला होता. पाच मिनिटांत दुरुस्त केलं, त्याच नावाने फाइल फोल्डरमध्ये टाकली, जुनीच्या जागी नवी बसली. काकांना कळवलं, “फोल्डरमध्ये बदललंय.” काका निवांत, मी निवांत.

फोल्डरमध्ये बदललं होतं हो. प्रेसच्या कॉम्प्युटरवर सकाळचीच फाइल होती, आणि प्लेटा तिच्यावरूनच निघाल्या. एकदा डेस्कटॉपवर उतरवलेल्या फाइलला फोल्डरमध्ये पुढे काय झालं हे कळत नाही. फाइल बदलली म्हणून फोल्डर कुणाला उठून सांगायलाही जात नाही. नाव तेच, त्यामुळे ऑपरेटरने फोल्डर पुन्हा उघडलं असतं तरी तारखेकडे बघितल्याशिवाय त्याला काही वेगळं दिसलं नसतं. दुसरा फर्मा, म्हणजे १७ ते ३२ पानं, दोन हजार प्रती छापून मोकळा. मग काकांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून आम्ही सात जणांनी दोन हजार स्टिकर चिकटवले. काकूंनी तीनदा पोहे केले.

चूक माझी होती. ९ चा १ मी केला आणि फोन मी केला नाही. मान्य. पण तीच फाइल लिंकने गेली असती तर मला चुकीची जाणीव झाल्यावर नवी लिंक पाठवावीच लागली असती, आणि प्रेसला दुसरी लिंक दिसली की निदान “ही कुठली?” असा फोन तरी येतो. लिंकमधली फाइल म्हणजे त्या क्षणाची प्रत. मागाहून मी माझ्याकडे काहीही खुडबुड केली तरी ती बदलत नाही. छपाईला मला तेच हवंय.

आणि हो, त्याच फोल्डरमध्ये लेखकांच्या मानधनाची यादी पण होती. प्रेसवाल्याने नंतर सहज विचारलं, “ताई, कवितेला एवढंच देता?” मेले मी. फोल्डरमध्ये बोलावलेल्या माणसाला आतली सगळी कपाटं उघडी असतात हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

फोल्डर वाईट नाही. लेख येताहेत, चित्रकार रोज एक रेखाटन टाकतोय, मुद्रितशोधन चाललंय, तिथे लिंका पाठवत बसणं वेडेपणा आहे. आमचं अंकाचं काम चार महिने फोल्डरवरच चालतं. तीन दिवसांची मुदत जाचक आहे हेही खरं, आज तिनेच माझा दिवस खाल्ला. पण मेलेली लिंक निदान मेली म्हणून सांगते. गेल्या वर्षीच्या फोल्डरने एक शब्द काढला नाही.

हे लिहीपर्यंत फाइल पुन्हा चढतेय, आमच्या नेटवर पाऊण तास. ऑपरेटर पोरगा तसा गुणी आहे, दिवाळीत रात्री दोनपर्यंत मशीनवर असतो, त्याच्यावर सकाळी उगाच ओरडले.

*

आत्ता फोन झाला. “आली ताई. १.८ जीबी, १४४ पानं.”

म्हटलं, पान १७ उघड. भांड्यांचं दुकान. (हो, यंदाही त्यांनी जाहिरात दिली, निम्म्या दरात.) शेवटचा आकडा वाच.

“नऊ.”


म्हटलं, लाव प्लेट.