काखेतला प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो

"काखेत, जांघेत चट्टा उठला की ते गजकर्णच समजा. मेडिकलमधून बुरशीची ट्यूब आणा, फरक पडला की खात्री झाली. डॉक्टर अंधारात निळा दिवा लावून बघतात ते बिल वाढवायला. चमकलं तर बुरशी, नाही चमकलं तर काहीच नाही. नोटा तपासायच्या टॉर्चने हे घरीही दिसतं. दवाखान्यात जायचंच असेल तर साबणाने स्वच्छ धुऊन जा. सगळ्यांना पाठवा."

पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की हा निरोप पुण्यातल्या ग्रुपांवर हमखास फिरतो. घामेजलेले कपडे, कमरेला करकचून बांधलेला ढोल आणि दोन-दोन दिवस न वाळणारी जीन्स असली की काखा-जांघांचे त्रास वाढणारच. त्वचारोगाच्या ओपीडीत बसणाऱ्या माणसाला त्याचे परिणाम पुढचे तीन महिने दिसत राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा गजकर्णाचा. आपल्याकडे जांघेतल्या बहुतेक चट्ट्यांमागे बुरशीच असते, हे मान्य. पण तशाच जागी, तशाच ओलाव्यात वाढणारा एक जिवाणूही आहे. त्याचं नाव कॉरिनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम. तो एरवी अनेकांच्या त्वचेवर निमूट राहतो. घाम, घर्षण, वाढलेलं वजन किंवा मधुमेह यांची साथ मिळाली की त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरात पसरतो. या दुखण्याला एरिथ्राझ्मा म्हणतात. बुरशी मारणारी टर्बिनाफिनची गोळी त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही.

उघड्या डोळ्यांनीही बराच फरक कळतो. गजकर्णाची कड उठलेली, लालसर आणि खपल्यांची असते. ती बाहेर सरकत जाते आणि मधली त्वचा थोडी निवळते. खाज इतकी की रात्री झोपमोड होते. जांघेत ते मांडीवर उतरतं, पण अंडकोषाची त्वचा बहुधा सोडून देतं. एरिथ्राझ्माचा चट्टा कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा असतो. सुरुवातीला गुलाबी, जुना झाला की तपकिरी. वर बारीक सुरकुत्या आणि पिठासारखा कोंडा. खाज किरकोळ, कित्येकांना अजिबात नाही. कँडिडा नावाची तिसरी मंडळी आली तर जागा ओली, लालभडक होते, आग होते आणि मुख्य चट्ट्याबाहेर सुटे पुटकुळ्यांसारखे ठिपके उठतात. हे झालं पुस्तकी चित्र. सहा महिने तऱ्हेतऱ्हेची मलमं चोळलेली त्वचा यातलं काहीच सरळ दाखवत नाही, आणि ओपीडीत तीच जास्त येते.

ट्यूबने फरक पडला म्हणजे बुरशी होती, हा तर्क वरवर पटतो, पण तो चुकीचा आहे. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल ही बुरशीची मलमं या जिवाणूवरही थोडंफार काम करतात. त्यामुळे एरिथ्राझ्मा अर्धवट ओसरतो, माणूस निर्धास्त होतो आणि चट्टा परत येतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सध्या भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी पुष्कळ दिसते, तेव्हा गोळीने फरक पडला नाही म्हणजे बुरशी नव्हतीच, असंही म्हणता येत नाही. थोडक्यात, औषधाचा गुण हा निदानाचा पुरावा नाही.

त्यातून दुकानदार जी ट्यूब काउंटरवर सरकवतो ती बहुतेकदा नुसती बुरशीची नसते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं तगडं स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं असतं. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत बसते आणि बुरशी आतून फोफावते. तिची ओळखीची गोल कड पुसली जाते, मग अनुभवी डॉक्टरही चट्टा बघून विचारात पडतो. जांघेची त्वचा आधीच पातळ, तिथे काही आठवड्यांत ताणल्यासारखे पांढरट-लाल पट्टे उमटतात आणि ते पूर्ण जात नाहीत. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाले. कुठल्याही गल्लीतल्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहा, नियमाचं काय होतं ते कळेल.

आता दिव्याकडे येऊ. त्याला वूड्स लॅम्प म्हणतात. रॉबर्ट विल्यम्स वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये याची खास काच शोधली. ही काच दिसणारा बहुतेक उजेड अडवते आणि ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण तेवढे सोडते. त्वचेच्या तपासणीत तो १९२५ पासून वापरात आहे. तपासणी काही सेकंदांची असते, दुखत-भाजत नाही आणि तिने उपचारही होत नाही.

एरिथ्राझ्माचा जिवाणू वाढताना कोप्रोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ तयार करतो. त्याच्यावर हे किरण पडले की तो लाल उजेड परत फेकतो. रंग अगदी ओळखू येणारा असतो. लक्ष्मी रोडच्या सराफाकडे पोवळ्याची अंगठी बघितली असेल, तर तोच नारिंगीकडे झुकणारा लाल. आणि निरोपातली सर्वांत मोठी गफलत इथेच आहे. काखा-जांघांत गजकर्ण करणाऱ्या नेहमीच्या बुरशी या दिव्याखाली चमकतच नाहीत. कँडिडाही नाही. म्हणजे जांघेत पोवळ्याचा लाल दिसला तर तो बुरशीचा नव्हे, जिवाणूचा. आणि काहीच दिसलं नाही तर गजकर्णाची शक्यता जशीच्या तशी उभी राहते. डोक्यातल्या काही बुरशी हिरव्या चमकतात, छाती-पाठीवरची शिबं पिवळसर दिसू शकतात. बहुधा या ऐकीव माहितीवरून निरोप लिहिणाऱ्याने सगळीच बुरशी चमकवली असावी.

दिव्याने लाल दाखवलं म्हणून मात्र तपासणी संपत नाही. एकाच घडीत जिवाणू आणि बुरशी दोन्ही नांदू शकतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यात तर विशेष. म्हणून चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि पेशी विरघळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे शोधतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात होते.

धुऊन जाण्याचा सल्ला ऐकायला सभ्य वाटतो, पण याच सल्ल्याने सगळ्यात जास्त निदानं हुकतात. तो लाल चमकणारा पदार्थ पाण्यात विरघळतो. ताज्या आंघोळीनंतर दिव्याखाली बहुधा काहीच दिसत नाही, दिसलं तर पुसट.

एक उदाहरण सांगतो. पंचेचाळिशीचे एक रिक्षाचालक. दोन्ही काखांत आणि दोन्ही जांघांत तपकिरी चट्टे, आठ महिन्यांपासून. खाज जवळजवळ नाही. महिनाभर टर्बिनाफिन झालेली, तिहेरी मलम अधूनमधून चालू, आणि जांघेत ते ताणल्यासारखे पट्टेही उमटलेले. दिवा लावला तर जांघेत एका बाजूला पुसट गुलाबी झाक, काखांत काहीच नाही. "डॉक्टर, तुमच्याकडे यायचं म्हणून दोनदा साबण लावून आंघोळ केली," ते म्हणाले. वर काखेत पावडरही मारलेली. त्यांना मलम बंद करायला सांगितलं आणि दोन दिवसांनी सकाळी, आंघोळ न करता, पावडर न लावता परत बोलावलं. थोडे संकोचले, पण आले. या वेळी चारही चट्टे पोवळ्यासारखे लाल उजळले. मग बूट काढायला लावले. पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी त्वचा होती आणि तीही लाल चमकली.

काखेतल्या आणि जांघेतल्या कोंड्यात धागे सापडले नाहीत. बोटांच्या बेचक्यातल्या कोंड्यात सापडले. म्हणजे वर एकटा जिवाणू, खाली जिवाणू आणि बुरशी दोघे. काखा-जांघांना फ्युसिडिक अ‍ॅसिडचं मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे दिलं. त्याऐवजी क्लिंडामायसिनही चालतं. बेचक्यांत त्याच्या जोडीला बुरशीचं मलम. चट्टे फार पसरलेले असले तर क्लॅरिथ्रोमायसिन एक ग्रॅम, एकदाच, असाही पर्याय आहे. पण कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी आणि हृदयाच्या ठोक्यांच्या काही त्रासांशी त्याचं वाकडं आहे, म्हणून ते आधी विचारून, चिठ्ठीवरच. एवढ्या पसरलेल्या एरिथ्राझ्मात रक्तातली साखर तपासायला सांगतो. यांची वाढलेली निघाली, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

राहिला टॉर्च. नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. हे पदार्थ त्या किरणांनीही उजळू शकतात, नाही असं नाही. पण असा टॉर्च डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडही भरपूर ओततो आणि पुसट लाल त्यात बुडून जातो. मग ठळक दिसतं ते भलतंच: बनियनचे धागे आणि डिटर्जंटचे अंश निळे-पांढरे लखलखतात, काही मलमंही चमकतात. हाच टॉर्च नाकावर मारलात तर नारिंगी-लाल ठिपके दिसतील, कारण तिथल्या रोमछिद्रांत राहणारा, जवळजवळ सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असलेला एक जिवाणूही असाच पदार्थ बनवतो. तो रोग नव्हे. दवाखान्यात खोली पूर्ण अंधारी करतात, जुन्या पद्धतीचा दिवा मिनिटभर तापू देतात, स्वतःचे डोळे अंधाराला सरावू देतात आणि मग दिवा त्वचेपासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर धरतात. एवढं करूनही काखेतली काळपट मखमली त्वचा, जी वजन आणि इन्शुलिनशी निगडित असते, किंवा घडीतला सोरायसिस दिवा दाखवत नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखावं लागतं.

उपचारानंतर परत दिवा लावला तर कधीकधी फिकट लाल दिसतो, कारण जिवाणू मेले तरी वरच्या जाड थरात अडकलेला रंग झडायला वेळ घेतो. त्या रिक्षाचालकांना दोन आठवड्यांनी तसंच दिसलं आणि त्यांनी लगेच विचारलं, "अजून एक ट्यूब घेऊ का?" कोंडा गेला होता, चट्टा सपाट आणि फिका झाला होता, नवा पसरलेला नव्हता. मलम थांबवलं. साखरेच्या गोळ्या मात्र सुरू झाल्या.