‘स्वीट ललबाय’मधला आवाज आफ्रिकेचा नाही

“डीप फॉरेस्ट या फ्रेंच संगीतगटाच्या ‘स्वीट ललबाय’ या गाण्यात ऐकू येतं ते आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांचं गाणं आहे.”

नाही. तो आवाज पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांचा आहे. मलाइता बेटावर बाएगू भाषेतली ‘रोरोग्वेला’ ही अंगाई अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायली आणि संगीत-अभ्यासक ह्यूगो झेंप यांनी १९७०च्या सुमारास ती ध्वनिमुद्रित केली. पुढे ती युनेस्कोच्या संगीतमालिकेतल्या तबकडीवर आली.

गोंधळाचं कारण समजण्यासारखं आहे. १९९२च्या ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे, त्यात मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींचे आवाजही आहेत, त्यामुळे सगळंच त्यांच्या नावावर गेलं. नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनीही १९९६मध्ये हीच चाल ‘पिग्मी ललबाय’ या नावाने वाजवली.

खात्री करायची तर मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐका. त्यात साथ नाही, एकट्या बाईचा सरळ आवाज आहे. पिग्मी गायन बहुतेकदा अनेक आवाजांचं, एकमेकांत गुंफलेलं असतं, आणि आवाज क्षणात खालून वर उडी घेतो. मग ट्रॅक लावा: कीबोर्ड आणि तालाच्या खाली तोच गळा, तेच शब्द. अंगाईत मोठं भावंड रडणाऱ्या धाकट्याला समजावतं. दोघंही पोरकी आहेत. हे गाणं शेअर करताना अफुनाक्वाचं नाव लिहा.